बारवेतली चांदबीबी

आमच्या सावळखेडच्या बारवेत चांदबीबीनं उडी घेतली होती, असं मी स्वतः पंचवीसेक वर्षं पोरांना सांगितलं. सांगायची पद्धतही ठरलेली होती. आधी अहमदनगरचा किल्ला, मग मोगलांचा वेढा, मग भुयार, आणि भुयारातून घोड्यावर बसून थेट आमच्या वऱ्हाडात. रोहिणखेडच्या मशिदीत नमाज, आणि मग सावळखेडची बारव. पोरं गप्प बसून ऐकायची. वर्गात इतकी शांतता गणिताच्या सरांनाही कधी मिळाली नाही, आणि मला त्याचा भारी गर्व होता.

आता मी एकाहत्तर वर्षांची आहे. नाव सुभद्रा घोंगे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून इतिहासाची शिक्षिका म्हणून निवृत्त. आमचे मास्तर, म्हणजे उकंडराव, त्याच शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांना जाऊन दहा वर्षं झाली. मुलगी अर्पिता पुण्याला आहे, दर रविवारी फोन करते, जेवलीस का विचारते आणि ठेवते. घरात चार खोल्या. त्यातल्या दोन मी उघडत नाही, कारण उघडलं की झाडावं लागतं.

वर्षातून एक दिवस मात्र ते घर भरायचं. आषाढातली दिव्याची अवस. गावात रीत अशी की त्या संध्याकाळी बारवेच्या पाण्यात दिवे सोडायचे, आणि पहिला दिवा मास्तरांच्या घरचा. कारण चांदबीबीचा इतिहास मास्तरांनी शोधून काढला. १९८६ साली त्यांनी बत्तीस पानांची पुस्तिका छापली, खामगावच्या छापखान्यात, पिवळ्या कव्हराची. पुस्तिकेत होतं की बीबीचा जन्म रोहिणखेडच्या छावणीत झाला आणि शेवट आमच्या बारवेत. तेव्हापासून साऱ्या बाया आधी माझ्या दारात जमायच्या. माळ्यांच्या, मराठ्यांच्या, बौद्धवाड्यातल्या, दोन घरं मुसलमानांची आहेत त्यांच्यातल्या. माझ्या हातचे कणकेचे गोड दिवे खायच्या, मग माझ्यामागं बारवेकडं निघायच्या. त्या एका दिवसासाठी मी बाकीचे दिवस काढत होते, हे खरं सांगते.

यंदा मार्चमध्ये सरपंच मयुरी गवई कागदांची फाईल घेऊन आली. माझीच विद्यार्थिनी, डी.एड. झालेली, बोलायला चुणचुणीत. बारवेला संरक्षण मिळणार होतं, दगडी फलक बसणार होता. वरच्या कार्यालयाचा एक फॉर्म होता. त्यात चार रकाने: राणीचा जन्म, राणीचा कारभार, राणीचा मृत्यू, गावाशी संबंध. आणि प्रत्येक रकान्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की आधाराचा कागद जोडावा. मयुरीचं म्हणणं, मास्तरांची पुस्तिका जोडली की झालं, फक्त तुम्ही नीट अक्षरात उतरवून द्या. फलकाच्या खाली संशोधक म्हणून मास्तरांचं नाव कोरायचं, असा ठरावही झाला होता. ते ऐकून माझे डोळे भरून आले. माणूस गेला, त्याचा चष्माही गेला, आता दगडावर तरी नाव राहील, असं वाटलं.

मी म्हटलं, पंधरा दिवसांत देते.

पण पुस्तिका हा काही आधार नव्हे, हे मला कळत होतं. आधार म्हणजे पुस्तिकेच्या मागचा कागद. मास्तर गेल्यावर, घर खायला उठतं म्हणून, मी सहासष्टाव्या वर्षी मोडी लिपी शिकले होते. मोताळ्याहून नांदुरा, नांदुऱ्याहून खामगाव, अशी पंधरा दिवस एसटीनं ये-जा केली. वर्गात साऱ्यांत म्हातारी मीच. शिकले तेव्हा वाटलं होतं की मास्तरांचा तो कागद एकदा आपल्या डोळ्यांनी वाचू. मग वाचलाच नाही. पेटी उघडायची म्हणजे त्यांच्या वह्या, त्यांचं अक्षर, सारंच वर येणार. पाच वर्षं टाळलं.

आता टाळून भागणार नव्हतं. तरी मी सोप्या बाजूनं सुरुवात केली. आधी पहिले तीन रकाने धरले, चौथा शेवटी.

खामगावच्या ग्रंथालयातून जुन्या फारसी तवारिखांची भाषांतरं आणली. मास्तर पोरांना एक नियम सांगायचे, तोच मी लावला. कोण सांगतो, तेव्हा तो कुठं बसला होता, आणि घडल्यावर किती वर्षांनी सांगतो. एका वहीत चांदबीबीची एकेक गोष्ट लिहायची आणि तिच्यापुढं, ती गोष्ट पहिल्यांदा कागदावर आली ते साल.

जन्माच्या रकान्यातच गाडी अडली. बाप हुसेन निजामशहा, नगरचा सुलतान. आई खुंजा हुमायून, तीही कर्तबगार, पोराच्या नावानं राज्य चालवलेली. इथवर पक्कं. पण पोरगी जन्मली कधी आणि कुठं, हे त्या काळच्या एकाही लिहिणाऱ्यानं लिहिलेलं नाही. मुलगी झाली तर तारीख कोण लिहितो? १५५० हे साल सगळीकडं छापतात, तो मागाहून बांधलेला अंदाज. लग्न झालं ते १५६५ च्या तालीकोटच्या लढाईच्या आधी, विजापूरच्या अली आदिलशहाशी, दोन घराणी जोडायला; आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला. त्यावरून मागं मोजायचं आणि पंधराएक वर्षं धरायची. रोहिणखेडचं नाव येतं, पण कुठं? तिच्या भावाच्या, बुऱ्हाणच्या लढाईत, १५९१ साली. तेव्हा बीबी चाळिशीची. ती तिथं होती अशी एक ओळ नाही. मास्तरांनी भावाच्या लढाईवरून बहिणीचा पाळणा रोहिणखेडला बांधला होता. मी पहिल्या रकान्यात लिहिलं: तारीख व ठिकाण अज्ञात.

मनात म्हटलं, चला, एवढं चालतं.

कारभाराचा रकाना मात्र भरभरून भरला. इथं दंतकथेची गरजच नाही. १५८० साली नवऱ्याचा महालातच खून झाला. पोटी मूल नाही. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम, आणि त्याला सांभाळायला ही. पहिला कारभारी माजला, तो गेला. दुसरा आला किश्वरखान, त्यानं हिलाच साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. तोही पळाला, मग ही परत आली. पोर मोठं झाल्यावर माहेरी नगरला गेली. तिथं १५९५ मध्ये भाऊ मेला, काही महिन्यांत भाचा लढाईत पडला, आणि दरबारात चार गट, चौघांचे चार सुलतान. त्यातल्या एकानं तर मोगलांनाच बोलावलं. हिनं किल्ला ताब्यात घेतला आणि तान्ह्या बहादूरचं नाव पुकारलं. मोगलांनी सुरुंगानं तट उडवला, तेव्हा बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभा केला. हे त्या काळच्या माणसानं लिहिलंय. तोफांत सोन्यारुप्याची नाणी भरून डागली, हे मात्र शंभरावर वर्षांनी लिहिणाऱ्याचं. मी ते वेगळ्या शाईनं लिहिलं.

आणि तह झाला तेव्हा वेढा उठवायच्या बदल्यात तिनं मोगलांना काय दिलं? वऱ्हाड. म्हणजे आपण. बत्तीस वर्षं मी हे शिकवलं, पण त्या दुपारी लिहिताना पहिल्यांदा लक्षात आलं की आमच्या गावानं जिच्या नावानं दिवे सोडले, तिनं आम्हाला देऊन टाकलं होतं. मला हसूच आलं. कोणाला सांगावं म्हणून मागं वळले, तर मागं कपाट.

मृत्यूचा रकाना लिहायला मला चार दिवस लागले. नगरकडं सांगतात, तेजाबाच्या विहिरीत उडी घेतली. आमच्याकडं साधी बारव. उडी दोन्हीकडं आहे. पण वहीत साल टाकायला गेले तर उडी कुठल्याच जुन्या कागदात नाही. विजापूर दरबारातला जो लिहितो तो आणि मोगल छावणीतला जो लिहितो तो, दोघं एकमेकांचे वैरी, आणि दोघं मूळ गोष्ट एकच सांगतात. दोन वैरी एकच सांगतात तेव्हा ते खरं धरावं लागतं. १६०० सालचा दुसरा वेढा. किल्ला टिकणार नाही हे तिला दिसत होतं. पोराला जिवंत बाहेर काढायचं आणि किल्ला द्यायचा, अशी बोलणी तिनं लावली. जनानखान्यावरचा एक खोजा रस्त्यावर जाऊन ओरडला, की बीबीनं किल्ला विकला. तिचीच माणसं, जिनं चार वर्षं त्यांना वाचवलं ती माणसं, आत घुसली आणि तिला मारून टाकलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. पोर ग्वाल्हेरच्या कैदेत गेलं. तिला कुठं पुरलं, तेही धड ठाऊक नाही. नगरजवळच्या डोंगरावर तिचा म्हणून दाखवतात तो महाल दुसऱ्याच एका सरदाराची कबर आहे.

भुयार नाही, घोडा नाही, उडी नाही. एक खोली, आणि दारातून आत येणारे ओळखीचे चेहरे. उडी घेणारी बाई आपल्या मर्जीनं तरी जाते. हिला तेवढंही मिळालं नाही. मी ते लिहिलं आणि दिवसभर जेवले नाही. सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या बाईसाठी एवढं कशाला, असं अर्पिता म्हणाली असती. म्हणून तिला सांगितलंच नाही.

राहिला चौथा रकाना, गावाशी संबंध. पेटी उघडावी लागली.

कागद खादीच्या रुमालात होता. गावातले वामनराव देशपांडे, जुन्या कुळकर्णी घराण्यातले, त्यांनी तो मास्तरांच्या हवाली केला होता आणि तोंडी वाचून दाखवला होता. मास्तरांना मोडी येत नव्हती. वामनरावांनी वाचलं तसं त्यांनी उतरवून घेतलं, आणि त्यावर पुस्तिका उभी राहिली. मी कागद खिडकीजवळ धरला. अक्षर वळणदार, शाई तपकिरी झालेली. एक तास लागला, आणि सारा मजकूर बारा ओळींचा निघाला.

कागदात चांदबीबी नव्हतीच. नुसतं बीबी होतं. 'बीबी, वस्ती रोहिणखेड, इणे आपले खर्चे बारव बांधोन गावास दिल्ही. मागे कोणी वारस नाही. सबब दर साल आषाढ अवसेस गावाने एक दिवा लावावा.' खाली पाटलाची नांगराची निशाणी आणि वर साल: सन तिसा अलफ.

तिसा म्हणजे नऊ, अलफ म्हणजे हजार. एक हजार नऊ. मास्तरांनी ते हिजरी साल धरलं आणि कोष्टकात पाहिलं तर निघालं इसवी सन १६००. चांदबीबी मेली ते साल. बीबी, वारस नाही, साल १६००. कोणाचंही डोकं फिरलं असतं. पण खामगावच्या वर्गात मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की मराठी कागदात साल असं अरबी शब्दांत आलं की ते हिजरी नव्हे, शुहूर सन. हिजरी साल चंद्राचं, ते दरवर्षी अकरा दिवस मागं सरकतं. शुहूर साल शेतकऱ्याचं, मृग लागला की बदलतं. आषाढातला कागद असेल तर त्यात पाचशे नव्व्याण्णव मिळवायचे. एक हजार नऊ अधिक पाचशे नव्व्याण्णव. सोळाशे आठ.

चांदबीबी मेल्यावर आठ वर्षांनी या बाईनं बारव बांधली होती.

मी तीनदा बेरीज केली. मग मास्तरांवर राग आला नाही, उलट कीव आली. बिचाऱ्याला मोडी येत नव्हती, कोष्टक चुकीचं लागलं, मनात बीबी भरलेली. होतं माणसाचं. चूकच ती. मग त्यांची त्या वेळची वही काढली, की बेरीज कुठं चुकली ते पाहावं. कागदाच्या नकलेच्या पानावर १६०० भोवती लाल गोल होता. पान उलटलं. मागच्या बाजूला पेन्सिलनं, त्यांच्याच अक्षरात:

'सन शुहूर आहे. १६०८. चांदबीबी नव्हे. दुरुस्ती छापावी. — यंदा नको. आषाढ १९८९.'

त्याच्याखाली: 'यंदा नको. १९९०.' त्याखाली '१९९१. यंदा नको.' असं खाली खाली, पान भरून, शेवटची ओळ २०१४ ची, वाकड्यातिकड्या अक्षरातली. मी मोजल्या. सव्वीस ओळी होत्या.

आता राग आला. असा आला की वही भिंतीवर फेकली. सव्वीस वर्षं ह्या माणसाला माहीत होतं! मी वर्गात भुयार सांगायची, घोडा सांगायची, हे दाराशी उभे राहून ऐकायचे आणि मान डोलवायचे. पोरांना नियम सांगायचा, कोण सांगतो, कुठं बसून सांगतो, आणि स्वतः खुर्चीत बसून गप्प. मला फसवलं, अख्ख्या गावाला फसवलं. माणूस मेलाय म्हणून भांडताही येत नाही, ह्याचा संताप वेगळाच.

मग वही उचलायला गेले आणि पहिल्या ओळीपाशी थांबले. आषाढ १९८९.

त्या वर्षी फाल्गुनात मला मुलगा झाला होता. अर्पितानंतर आठ वर्षांनी. नऊ दिवस जगला, नावही ठेवलं नव्हतं. त्यानंतर मी घराबाहेर पडले नाही. शाळा नाही, बाजार नाही, दारात कोणी आलं तर आतून कडी. चार महिने. आणि त्या दिव्याच्या अवसेला तानाबाई, बौद्धवाड्यातली माझी सोबतीण, साऱ्या बाया घेऊन आली आणि कडी वाजवत राहिली. ती म्हणाली, पुस्तक मास्तरनं लिहेल हाय, पहिला दिवा मास्तरच्या घरचा, तू नाही आली तं गावात दिवा लागत नाही. मला हाताला धरून ओढत बारवेवर नेलं. त्या संध्याकाळी मी चार महिन्यांनी मोकळी रडले.

म्हणजे ह्यांना खरं साल सापडलं ते त्याच आषाढात. आणि त्यांनी लिहिलं, यंदा नको.

पुढच्या वर्षी का नको, त्याच्या पुढच्या वर्षी का नको, ते मला विचारायची गरज नव्हती. दर आषाढात माझं घर भरलेलं त्यांना दिसत होतं. वही उचलून मी मांडीवर घेतली. त्यांच्यावर चिडावं की त्यांना जवळ घ्यावं, दोन्ही करता येत नव्हतं.

तो कागद मला वाचता आला, हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. मोडी येणारं दुसरं माणूस नाही. रुमाल बांधून पेटीत ठेवला असता आणि पुस्तिका जोडून दिली असती, तर काहीच अडलं नसतं. फलक बसला असता, मास्तरांचं नाव लागलं असतं, आषाढात बाया आल्या असत्या. रविवारी अर्पिताचा फोन आला, तिला हे सारं सांगितलं. ती म्हणाली, आई, कोणाला फरक पडतो, तू एकटी आहेस, गावाशी कशाला वाकडं घेतेस. ती चुकीचं बोलत नव्हती. म्हणूनच मी फोन लवकर ठेवला.

पण मला ती रोहिणखेडची बीबी सोडेना. तिनं मागितलं काय होतं? एक दिवा. मागं कोणी नाही, म्हणून गावाला सांगितलं की तुम्ही लावा. आणि आम्ही चाळीस वर्षं तिच्या पाण्यात दुसरीच्या नावानं दिवे सोडले. चांदबीबीला नगर आहे, विजापूर आहे, दोन वैरी इतिहासकार आहेत. हिला बारा ओळी, आणि त्याही माझ्या पेटीत.

चौथ्या रकान्यात मी लिहिलं: 'चांदबीबीचा या बारवेशी संबंध असल्याचा पुरावा नाही. बारव इ.स. १६०८ मध्ये रोहिणखेड येथील बीबी नावाच्या निराळ्या स्त्रीने बांधली. नाव, घराणे अज्ञात. सालाची दुरुस्ती कै. उकंडराव घोंगे यांनी १९८९ मध्ये केली. ती त्यांनी प्रसिद्ध केली नाही.' शेवटचे पाच शब्द दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा तसेच ठेवले. मग कागदाची नक्कल, अक्षरांतर, आणि वहीच्या त्या पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो जोडला.

मयुरीनं माझ्या ओट्यावर बसून सारं वाचलं. हुशार पोरगी आहे, तिला बेरीज एका दमात समजली. मग तिनं अडचण सांगितली. राणी नसेल तर वरून फलक मंजूर होईल का शंका, गावातली माणसं तर अंगावर येतील, तिची ही पहिलीच सरपंचकी. शेवटी हात जोडल्यासारखं करून बोलली.

"बाई, तुमचं खरं हाय, मले पटते. पण यंदा राहू द्या न. पुढच्या साली पाहू."

मयुरीनं वही नीट पाहिली नव्हती, फोटो तिनं नुसता उलटला होता. मी तिला म्हटलं की यंदाच जाईल, आणि तुला पाठवायचं नसेल तर मी मोताळ्याला जाऊन टपालानं पाठवते. तिनंच पाठवलं. ते तिचं मोठेपण.

गावात बातमी पसरायला दोन दिवस लागले. ग्रामसभेत म्हणे फार बोललं गेलं. मास्तरीण म्हातारपणी सटकली, नवऱ्याचं नाव धुतलं, असं एकानं म्हटलं. ओट्यावरून जाताना रामराम करणारे मोबाईलमध्ये बघून जाऊ लागले. कोणी भांडायला आलं असतं तर मी कागद दाखवला असता. भांडायलाही कोणी आलं नाही.

दिव्याच्या अवसेला मी तरी सकाळपासून कणीक मळली. गूळ घातला, साठ दिवे वाफवले, ओटा सारवून घेतला. बारा वाजता बायांच्या ग्रुपवर निरोप पडला, की यंदा सर्वांनी थेट बारवेवर यावं, पहिला दिवा पंचायतीचा. मला काढलं नव्हतं ग्रुपमधून. त्यामुळं वाचायला मिळालं.

पाचच्या सुमाराला तानाबाई ताट घेऊन दारावरून निघाली. थांबली. पायरी चढली नाही. तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडं न बघता बोलली.

"राणी होती तं आमी राणीच्या गावच्या होतो, सुभद्रा. आता कोनाच्या हाओत? तूच सांग."

तिला आत ये म्हणावं, एवढंही मी केलं नाही. ती गेली. नंतर वेशीकडून बायांची गाणी ऐकू आली, चांदबीबीचीच, मीच शिकवलेली.

दुसऱ्या दिवशी अवस सकाळी नऊपर्यंत होती. मी एकटी बारवेवर गेले. पायऱ्यांवर तेल सांडलेलं, पाण्यात विझलेल्या पणत्या, झेंडूची फुलं. गुडघे धरून अकरा पायऱ्या उतरले, त्याखाली पाणी होतं. पिशवीतून एक पणती काढली. कागदात एकच लिहिली आहे. वात ओली होती, तिसऱ्या काडीला लागली.

"बाई," मी म्हटलं, "तुह्यं नाव मले नाही सापडलं. लय शोधलं. पण तू चांदबीबी नाही, एवढं आता लिहून ठेवलं आहे. हा दिवा तुह्याच नावाचा."

आणि मग, कोणी नव्हतं म्हणून, मी माझ्या नऊ दिवसांच्या पोराबद्दलही तिला सांगितलं. त्याचंही नाव कुठं लिहिलेलं नाही. दिवा विझेपर्यंत बसले, मग पायऱ्या चढून घरी आले. घरी साठ गोड दिवे तसेच पडले होते. त्यातला एक खाल्ला, थोडा कच्चा राहिला होता.